कळ आणि शिवी



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून शिवीबद्दल बोलायचं? बोलायचं, कारण विषय खरा शिवीचा नाही, दुखण्याचा आहे. आणि दुखणं या सभागृहात कोणाला चुकलेलं नाही.

पलंगाच्या पायावर करंगळी आपटते. दाराच्या फटीत बोट चेमटतं. फोडणीचं तेल मनगटावर उडतं. त्या क्षणी तोंडातून काय निघतं? कोणाच्या तोंडून ‘आई गं’ निघतं, कोणाच्या तोंडून ‘मेलो’. आणि कित्येकांच्या तोंडून असा शब्द निघतो, जो ते एरवी घरच्यांसमोर कधीच उच्चारणार नाहीत. तो शब्द कोणाला उद्देशून असतो? पलंगाला? दाराला? तो कोणालाच उद्देशून नसतो. भांडणात दिलेली शिवी समोरच्याला लागावी म्हणून दिलेली असते. कळ आली म्हणून निघालेल्या शिवीला समोरचा कोणी लागत नाही. माणूस एकटा असला तरी ती निघते. आज आपण फक्त या दुसऱ्या शिवीबद्दल बोलणार आहोत.

तीन प्रश्न घेतो. पहिला, शिवी दिल्यानं दुखणं खरंच कमी होतं का, आणि ते कसं मोजलं? दुसरा, कमी होत असेल तर त्या शब्दात असं काय आहे, जे दुसऱ्या शब्दात नाही? आणि तिसरा, हा उपाय कोणाला लागू पडत नाही? या तिन्ही प्रश्नांतून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. शिवीला बळ येतं ते तिच्यावर घातलेल्या बंदीतून. ज्यानं ती बंदी पाळली, त्यालाच अडीअडचणीला ते बळ मिळतं.

पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात कील नावाचं विद्यापीठ आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. त्यांनी स्वतःच लिहिलं आहे की, पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळी कळा असह्य झाल्यावर तिच्या तोंडून शिव्या बाहेर पडू लागल्या. कळ ओसरली की ती ओशाळून माफी मागायची, आणि पुढची कळ आली की पुन्हा तेच. सुईणीनं त्यांना सांगितलं, यात नवल काही नाही, आम्ही हे रोज ऐकतो. स्टीफन्स विचारात पडले. इतक्या जणींच्या तोंडून, इतक्या नेमानं हे होत असेल तर त्याला काही कारण असलं पाहिजे.

आता त्या वेळी शास्त्राचं मत काय होतं? मत असं होतं की, दुखताना शिवी देणं हे वाईट लक्षण आहे. वेदनेच्या मानसशास्त्रात एक कल्पना आहे, तिला आपल्याकडे साधा शब्द आहे, दुखण्याचा बाऊ करणं. बाऊ करणारा माणूस दुखण्यावरून मन काढू शकत नाही. आहे त्याहून ते मोठं करून पाहतो. आणि ‘आता माझ्या हातात काही नाही’ असं म्हणून हातपाय गाळतो. अशा माणसाला तीच इजा जास्त दुखते, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलेलं आहे. शिवी म्हणजे या हातपाय गाळण्याचाच आवाज, असं धरलं जाई. म्हणून स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाआधी जो अंदाज मांडला, तोही हाच होता. शिवी देणारा माणूस लवकर हार मानेल.

प्रयोग कसा झाला ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

प्रयोगात ६७ विद्यार्थी होते. प्रत्येकाला आधी एक कागद दिला. हातोडी अंगठ्यावर बसली तर तुमच्या तोंडून कोणते पाच शब्द निघतील, ते लिहा. त्या यादीतली पहिली शिवी, ती त्या विद्यार्थ्याची शिवी. म्हणजे शब्द प्रयोग करणाऱ्यानं लादलेला नव्हता, ज्याचा त्याचा होता. मग दुसरी यादी. टेबलाचं वर्णन करणारे पाच शब्द लिहा. लाकडी, सपाट, जड, असं काहीतरी. पहिल्या यादीत शिवी ज्या क्रमांकावर होती, त्याच क्रमांकावरचा शब्द इथून घेतला. हा झाला साधा शब्द.

मग पाण्याची पाळी. विद्यार्थ्यानं आधी साध्या, म्हणजे २५ अंश तापमानाच्या पाण्यात तीन मिनिटं हात बुडवून ठेवायचा, म्हणजे सगळ्यांच्या हाताचं तापमान एका पातळीवर येतं. त्यानंतर तोच हात ५ अंशांच्या बर्फगार पाण्यात. सूचना एवढीच की, सहन होईल तितका वेळ हात आत ठेवा आणि तेवढा वेळ ठरलेला शब्द एका लयीत, एका आवाजात म्हणत राहा. किंचाळायचं नाही, कुजबुजायचं नाही. प्रत्येकानं हे दोनदा करायचं, एकदा शिवी म्हणत आणि एकदा साधा शब्द म्हणत. कोणाची शिवी आधी, कोणाचा साधा शब्द आधी. पाच मिनिटं झाली की हात बाहेर काढायला लावत.

बर्फाचंच पाणी का, असं कोणी विचारेल. कारण त्याची कळ खरी असते, पण जखम होत नाही. हात आत गेला की काही सेकंदांतच हाडांत खोल ठणका सुरू होतो, आणि हात बाहेर काढला की तो ओसरू लागतो. सूत्रं पूर्णपणे त्या माणसाच्या हातात राहतात. (घरी हे करून पाहू नका, विशेषतः हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर. गार पाण्यानं रक्तदाब चढतो, आणि प्रयोगशाळेतही आधी तब्येतीची चौकशी करूनच माणसं घेतात.)

निकाल काय लागला? अंदाजाच्या उलट. साधा शब्द म्हणताना पुरुषांनी सरासरी अडीच मिनिटांच्या आसपास हात आत ठेवला होता. शिवी म्हणताना तो वेळ तीन मिनिटांच्या पुढे गेला. स्त्रियांच्या बाबतीत साधा शब्द म्हणताना सव्वा मिनिटाच्या थोडं पुढे आणि शिवी म्हणताना दोन मिनिटं. म्हणजे दोघांनाही सुमारे ४० सेकंद जास्त. वेळ वाढला, आणि ‘किती दुखलं’ या प्रश्नाचं उत्तरही खाली आलं. शिवाय नाडीचे ठोके शिवी देताना जास्त वाढले. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं आणि २०१० मध्ये त्याला शांततेचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. आपण हसून झाल्यानंतरच्या भागाकडे जाऊ.

कारण इथे एक रास्त शंका उभी राहते. शिवी दिली म्हणून दुखणं कमी झालं, की काहीतरी जोरकस बोललं म्हणून? की लक्ष दुसरीकडे गेलं म्हणून? की ‘शिवी दिली की बरं वाटतं’ असं आपण लहानपणापासून मानत आलो म्हणून? औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन ही शंका फेडता येते, कारण रोग्याला आपण काय गिळलं ते कळत नाही. इथे ती सोय नाही. आपण शिवी देतोय की टेबलाचं वर्णन करतोय, हे तोंडालाच ठाऊक असतं. मग वेगळं करायचं कसं? हा आपला दुसरा प्रश्न. त्या शब्दात असं काय आहे?

आवाजापासून सुरुवात करू. आपल्याकडे दुखलं की ‘आई गं’ म्हणतात, इंग्रजीत ‘आव्’ म्हणतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात हाच साधा उद्गार तपासला गेला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गार पाण्यात हात घालून ‘आव्’ म्हणणारे लोक गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. पण त्यांनाच त्यांचा स्वतःचा ध्वनिमुद्रित ‘आव्’ ऐकवला, तर उपयोग झाला नाही. आणखी एक गंमत म्हणजे, काही न बोलता नुसतं एक बटण दाबायला दिलं, तरीही फायदा झाला. याचा अर्थ काय? कळ येत असताना शरीरानं काहीतरी करणं, हेच थोडं उपयोगी पडतं. मग ते तोंडानं असो वा हातानं. कान एकटे काही करत नाहीत. म्हणजे तुमच्या आजीचं ‘आई गं, आई गं’ वाया जात नव्हतं. पण शिवीत त्याहून जास्त काही आहे का?

ते पाहण्यासाठी स्टीफन्स यांनी सहकारी ऑलिव्हिया रॉबर्टसन यांच्याबरोबर एक फार सुंदर युक्ती केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी दोन नव्या शिव्या घडवल्या. एक होती ‘फाउच’, दुसरी ‘ट्विझपाइप’. पहिली ऐकायला कडक, शिवीसारखी फटकन तुटणारी. दुसरी ऐकली की हसू येणारी. ९२ जणांनी चार शब्द वापरून पाहिले. इंग्रजीतली नेहमीची प्रसिद्ध शिवी, या दोन नव्या शिव्या आणि एक साधा शब्द. मोजायच्या गोष्टी दोन होत्या. पाण्यात हात घातल्यावर ‘आता दुखायला लागलं’ असं केव्हा वाटलं, आणि ‘आता सहन होत नाही’ म्हणून हात केव्हा बाहेर आला.

नव्या शब्दांनी आपलं काम चोख केलं. ‘फाउच’ लोकांना साध्या शब्दापेक्षा भावनेनं जास्त भरलेला वाटला. ‘ट्विझपाइप’ जास्त विनोदी वाटला. पण दुखणं? दुखण्यावर दोन्हींचाही काडीइतका परिणाम झाला नाही. खऱ्या शिवीनं मात्र दुखायला लागण्याची वेळ ३२ टक्क्यांनी लांबली आणि सहनशक्ती ३३ टक्क्यांनी वाढली.

थोडं थांबून याचा अर्थ लावू. कडक उच्चार पुरेसा नाही, तसं असतं तर ‘फाउच’ चालला असता. गंमत पुरेशी नाही, तसं असतं तर ‘ट्विझपाइप’ चालला असता. नावीन्यही पुरेसं नाही. या शब्दांकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे भूतकाळ. ‘फाउच’ म्हटलं म्हणून कोणत्याही आईनं कोणत्याही मुलाला कधी मारलेलं नव्हतं.

आणि भूतकाळाचा शरीरावर परिणाम होतो का? होतो, आणि तोही मोजलेला आहे. २००३ साली बॉस्टनमधल्या काही संशोधकांनी तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना तारा लावल्या. मनात खळबळ झाली की त्वचेला अगदी सूक्ष्म घाम सुटतो आणि तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. ती खळबळ तारा टिपतात. या लोकांना दोन्ही भाषांतले निषिद्ध शब्द आणि लहान मुलांना रागावताना वापरतात ती वाक्यं ऐकवली, दाखवली. मातृभाषेतल्या शब्दांनी त्वचा जास्त थरारली. आणि सर्वांत ठळक फरक कशात दिसला? लहानपणच्या रागावण्याच्या वाक्यांत. इंग्रजी रागावणं त्यांना समजत होतं, पण अंगाला भिडत नव्हतं.

आपण हे आपल्या घरी पडताळून पाहू शकतो. पुण्यातून जाऊन न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वीस-पंचवीस वर्षं राहिलेला मराठी माणूस दिवसभर इंग्रजीत बोलतो, इंग्रजी शिव्याही सहज वापरतो. पण गाडीच्या दारात बोट सापडलं की काय निघतं? बहुधा मराठीच. ‘पुन्हा असं बोललास तर जीभ हासडून ठेवीन’ हे वाक्य त्यानं ज्या भाषेत ऐकलं, त्याच भाषेतले शब्द त्याच्या अंगात मुरलेले आहेत. आपल्या समाजालाही हे पूर्वीपासून उमगलेलं असावं. शिमग्याला बोंब मारायची, वाईटसाईट बोलायची मुभा असे. पण ती मुभा मोजक्या दिवसांपुरती. वर्षभर कुंपण होतं, म्हणून तर त्या दिवसांना रंग होता.

आता कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची सवय. त्यांच्याकडे दुखलं की शिवी देतात, म्हणून त्यांना बरं वाटतं. यालाही उत्तर शोधलं गेलं. २०१७ मध्ये ब्रिटिश आणि जपानी लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. जपानमध्ये दुखल्यावर शिवी देण्याची रीत नाही, निदान ब्रिटनसारखी तरी नाही. तरीही आपल्या भाषेतला एक असभ्य शब्द म्हणत राहिलेल्या जपानी लोकांची सहनशक्ती साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. ‘दुखलं की शिवी’ ही रीत नसलेल्यांनाही फायदा झाला, म्हणजे नुसत्या अपेक्षेवर सगळं ढकलता येत नाही.

मग शरीरात नेमकं घडतं काय? इथे मी आपल्याला पक्कं उत्तर देणार नाही, कारण शास्त्राकडेच दोन उत्तरं आहेत आणि त्यांच्यात वाद आहे.

पहिलं उत्तर असं. शिवीनं मन खवळतं, शरीर लढण्याच्या तयारीला लागतं, नाडी वाढते, आणि लढाईच्या तयारीत असलेलं शरीर दुखणं मागे ढकलतं. हे आपण पाहिलेलं आहे. कबड्डीच्या मैदानात गुडघा सोलून निघालेला खेळाडू चढाई करत राहतो, आणि रक्त आलंय हे त्याला सामना संपल्यावर कळतं. मेंदूतून खाली मज्जारज्जूकडे येणाऱ्या वाटा आहेत, त्या वेदनेचा संदेश वर चढण्याआधीच अडवू शकतात. स्टीफन्स यांनी २०१२ मध्ये एका प्रयोगात लोकांना शिवी न देता नुसता मारधाडीचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. गोल्फचा गेम खेळल्यानंतरच्या मानानं गार पाण्यातली त्यांची सहनशक्ती वाढलेली निघाली. आक्रमकता जागी झाली की दुखणं दबतं, या मताला यानं आधार मिळाला.

पण मग अडचण आली. २०१८ मध्ये शिवी आणि ताकद यांचा अभ्यास झाला. एका ठिकाणी चाक जड केलेली व्यायामाची सायकल ३० सेकंद जीव तोडून मारायची, दुसऱ्या ठिकाणी हाताच्या पकडीचा जोर मोजायचा. शिवी देताना दोन्हींत ताकद वाढली. पकडीत सुमारे २ किलोंची भर पडली. पण नाडी? नाडीत फरक नव्हता. शरीर खवळल्यामुळेच सगळं होत असेल तर नाडीनं ते सांगायला हवं होतं. म्हणून दुसरं उत्तर पुढे आलं. आपण एरवी स्वतःला सतत आवरून धरत असतो. लोक काय म्हणतील, बरं दिसेल का, जमेल का. निषिद्ध शब्द उच्चारताना ती आवर घालणारी पकड थोडा वेळ सुटते, आणि जी शक्ती आवरण्यात खर्च होत होती ती हाताशी येते. दोन्ही उत्तरांत बंदीच मध्यभागी आहे, हे ध्यानात घ्या. पहिल्यात बंदी मोडल्यानं शरीर खवळतं, दुसऱ्यात बंदी मोडल्यानं शरीर मोकळं होतं.

मेंदूत हे शब्द ठेवलेलेही वेगळ्या जागी आहेत असं दिसतं. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला की अनेकांची वाचा जाते. पण वाचा गेलेला माणूस कधी कधी शिवी स्पष्ट उच्चारतो. एकोणिसाव्या शतकात हे ब्रिटिश मज्जातज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी नोंदवून ठेवलं. फ्रेंच कवी बोदलेर याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६६ मध्ये त्याला बेल्जियममध्ये झटका आला. भाषेवर ज्याचं आयुष्य उभं होतं त्याच्याकडे एकच तुटका शपथेचा उद्गार उरला, आणि त्यावरून त्याची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी हादरून गेल्या. विचार करून जुळवलेली वाक्यं डाव्या गोलार्धातल्या वाचाकेंद्रांवर अवलंबून असतात. आपोआप निघणारे उद्गार मेंदूच्या उजव्या बाजूच्या आणि खोलवरच्या, भावनेशी जोडलेल्या भागांच्या आधारानं निघू शकतात. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि त्याच्या तोंडून असा शब्द निघत असेल, तर त्याचे संस्कार काढू नका. तो शब्द त्यानं निवडलेला नसतो. त्याच्याकडे तेवढाच उरलेला असतो.

आता तिसरा प्रश्न. हा उपाय कोणाला लागू पडत नाही? माझ्या मते आजच्या व्याख्यानातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, कारण इथे मोह आहे. शिवी दिल्यानं बरं वाटतं असं शास्त्र म्हणतं, मग देत राहू या, असा मोह. शास्त्र तसं म्हणत नाही.

पहिले, रोज शिव्या देणारे. २०११ मध्ये स्टीफन्स यांनी तोच बर्फाच्या पाण्याचा प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही दिवसाला साधारण किती वेळा शिवी देता? उत्तरं ‘एकदाही नाही’पासून ‘६० वेळा’पर्यंत आली. आणि निकाल सरळ होता. जो जितका जास्त शिव्या देणारा, त्याला शिवीतून मिळणारा जादा वेळ तितका कमी. शिवी ही ठेव आहे. रोज मोडली तर गरजेच्या दिवशी खात्यात काही नसतं. ज्या माणसानं वर्षानुवर्षं तोंड आवरलं, त्याच्याकडे ती पुरी शाबूत असते. म्हणजे घरात मुलांना शिव्यांपासून अडवणारे आईवडील नकळत त्यांच्या हाती एक औषधही देत असतात. बंदी नसती तर औषधही नसतं.

दुसरे, दुखण्याचा बाऊ करणारे. २००९ च्या पहिल्याच प्रयोगात हे दिसलं होतं. ज्या पुरुषांचा कल बाऊ करण्याकडे होता, त्यांची सहनशक्ती शिवीनं वाढली नाही. मन आधीच ‘आता संपलं सगळं’ असं म्हणत असेल तर शब्दानं ते उलटत नाही. अशा माणसाला शब्दापेक्षा धीर देणारा माणूस हवा असतो.

आणि तिसरे, ज्यांचं दुखणं मिनिटांचं नाही, महिन्यांचं आणि वर्षांचं आहे. आपण आतापर्यंत ज्या प्रयोगांबद्दल बोललो ते पाच मिनिटांत संपणाऱ्या कळेचे आहेत. संधिवात, कर्करोग, वर्षानुवर्षांची पाठदुखी यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिकेत २०११ मध्ये एक वेगळा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमवात किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या काही स्त्रियांनी सुट्टीच्या दिवसांत अंगावर एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र वागवलं. ते अधूनमधून आपोआप थोडा वेळ आजूबाजूचं बोलणं टिपून घेई. त्यांच्या मनाची अवस्था आणि घरच्यांकडून, मैत्रिणींकडून मिळणारा आधार हे दोन्ही आधी विचारलं होतं आणि काही काळानं पुन्हा विचारलं. ज्या स्त्रिया इतरांच्या देखत शिव्या देत होत्या, त्यांना मिळणारा आधार कमी होत गेलेला आणि उदासी वाढत गेलेली दिसली. एकट्या असताना शिव्या देणाऱ्यांच्या बाबतीत हा संबंध दिसला नाही. अभ्यास लहान होता, कशामुळे काय झालं हे त्यातून ठामपणे सांगता येत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. बर्फाच्या पाण्यातल्या हाताला भोवती कोणी लागत नाही. लांबलेल्या आजारपणाला माणसं लागतात, आणि शिवी ऐकून ऐकून माणसं थोडी थोडी दूर सरकतात.

थोडक्यात सांगतो. शिवीनं अचानक आलेली कळ अनेकांना अधिक सहन होते, हे मोजलेलं आहे. नुसत्या आवाजानं, गमतीनं किंवा नव्या शब्दानं तेवढा परिणाम होत नाही. त्या शब्दामागे लहानपणापासूनची बंदी लागते. ती बंदी मोडल्यानं शरीर खवळतं की आवर सुटतो, यावर अजून काम चालू आहे. आणि बंदी रोज मोडणाऱ्याला, बाऊ करणाऱ्याला आणि लांबलेल्या दुखण्याला शिवीचा भरवसा नाही.

मग यातून आपण करायचं काय? मला तीन गोष्टी मागायच्या आहेत.

एक, बाळंतपणाच्या खोलीत, अपघात विभागात, हाड बसवताना, जखमेचं ड्रेसिंग बदलताना माणसाच्या तोंडून शिवी निघाली तर तिला अपमान समजू नका. ‘तोंड सांभाळ’ असं त्या घटकेला दटावणं म्हणजे त्याच्या हातात असलेला एक उपाय काढून घेणं आहे. स्टीफन्स यांच्या पत्नीजवळ उभ्या असलेल्या सुईणीनं जे केलं तेच करा. ऐका, आणि आपलं काम करत राहा. पुढच्या कळेसाठी तिनं माफी मागण्याची गरज नाही, हेही तिला सांगा.

दोन, मुलांना शिव्यांपासून अडवणं सोडू नका. पण मूल सायकलवरून पडून, हाताचं हाड मोडून, कळवळत एखादा शब्द बोललं, तर आधी हात पाहा. शब्दाबद्दल बोलायचंच असेल तर प्लास्टर झाल्यावर बोला, आणि तेही रागावून नको.

तीन, आणि हे घरोघरच्या दीर्घ दुखण्यांबद्दल. एखादा मितभाषी, सभ्य माणूस अलीकडे वरचेवर चिडून वाईट बोलू लागला असेल, तर त्याचा स्वभाव बिघडला असं ठरवण्याआधी त्याला कुठे दुखतंय ते विचारा. अचानक आलेली कळ ओसरली की शिवीही थांबते. जी शिवी थांबत नाही, तिच्यामागचं दुखणंही बहुधा थांबलेलं नसतं. त्या माणसापासून दूर सरकू नका. त्याला वेदनेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि सोबत स्वतः जा.